प्रोप्रायटरी फर्म कंपनीने घेताना खरेदी मोबदला आणि गुडविल कसे काढावे

मालकाच्या नावावर चाललेला धंदा नव्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे द्यायचा ठरला की दोन आकडे वेगवेगळे काढावे लागतात. मालकाच्या हाती काय पडणार, हा खरेदी मोबदला. कंपनीच्या हाती निव्वळ काय येणार, ही निव्वळ मालमत्ता. दोन्हींतला फरक म्हणजे गुडविल किंवा भांडवली राखीव. चुका होतात त्या बहुतेक हे दोन आकडे एकमेकांत मिसळल्यामुळे, म्हणून शेवटपर्यंत ते दोन वेगळ्या कागदांवर मांडावेत.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका लेथ वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. 31 मार्चच्या ताळेबंदात शेड 30 लाख, यंत्रे 18 लाख, माल 9 लाख, गिऱ्हाइकांकडून येणी 8 लाख आणि रोख व बँक शिल्लक 3 लाख, अशी 68 लाखांची मालमत्ता आहे. दुसऱ्या बाजूला मालकाचे भांडवल 46 लाख, बँकेचे कर्ज 12 लाख, माल पुरवणाऱ्यांची देणी 8 लाख आणि पत्नीकडून धंद्यासाठी घेतलेले 2 लाख.

आधी करार वाचा, मग ताळेबंद

कंपनी काय घेणार आणि काय नाही, हे करारात लिहिलेले असते. आपल्या करारात रोख व बँक शिल्लक मालकाकडेच राहते आणि पत्नीचे 2 लाखही तोच फेडणार आहे. म्हणजे हे दोन्ही आकडे आपल्या हिशेबातून गेले. मालकाचे 46 लाखांचे भांडवल ही कंपनीने घ्यायची देणी नव्हे. ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दिसते म्हणून काही जण तेही वजा करतात आणि सगळा हिशेब तिथेच कोसळतो.

किमती आजच्या लावा

पुस्तकातला आकडा म्हणजे जुनी किंमत वजा घसारा. कंपनी आज खरेदी करते आहे, तेव्हा दोघांनी मान्य केलेली आजची किंमत घ्यायची. शेडचे मूल्यांकन 42 लाख आले. यंत्रांपैकी दोन जुनी निघाल्याने ती 15 लाखांवर आली. न हलणारा माल वगळून साठा 8.50 लाख धरला. येण्यांपैकी 50 हजार बुडतील असे दिसते, म्हणून 7.50 लाख. एकूण 73 लाख.

आता देणी. बँक 12 आणि पुरवठादार 8, असे 20 लाख पुस्तकात आहेत. पण पुस्तकात नसलेली देणी शोधणे हे या कामातले सर्वात मोलाचे पाऊल आहे. कामगारांना दिवाळीला द्यायचा मागच्या वर्षाचा बोनस, साचलेली ग्रॅच्युइटी, वीजबिलाची थकबाकी, वादातला कर, हे प्रोप्रायटरी फर्मच्या ताळेबंदात बऱ्याचदा दिसतच नाही. त्यासाठी हजेरीपत्रक, वीजबिले आणि आलेल्या नोटिसा स्वतः मागून पाहाव्यात. इथे बोनसचे 1 लाख सापडले आणि कंपनीने ते स्वीकारले. देणी झाली 21 लाख.

73 वजा 21, म्हणजे निव्वळ मालमत्ता 52 लाख.

मालकाला काय मिळणार

करारानुसार कंपनी मालकाला 10 रुपये दर्शनी किमतीचे 4,00,000 समभाग प्रत्येकी 12.50 रुपयांना देणार आहे, शिवाय 8 लाख रुपये बँकेतून. समभागांचे 50 लाख आणि 8 लाख मिळून खरेदी मोबदला 58 लाख.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. समभाग दर्शनी किमतीने मोजले तर ते 40 लाखांचेच दिसतात. मोजायचे ते ज्या किमतीला दिले त्या किमतीने, अधिमूल्यासकट. दुसरे असे की, कंपनी पुढे बँकेचे 12 लाख फेडणार म्हणून ते मोबदल्यात मिळवायचे नाहीत. ते देणे निव्वळ मालमत्ता काढताना वजा झालेले आहे, आणि त्यातला रुपयाही मालकाच्या खिशात जात नाही.

काही करारांत मोबदल्याचा आकडा नसतोच. फक्त प्रत्येक मालमत्तेची किंमत, स्वीकारलेली देणी आणि गुडविलचे ठरलेले मूल्य दिलेले असते. तेव्हा उलट्या दिशेने जायचे. 73 लाखांत गुडविलचे 6 लाख मिळवून 21 लाख वजा केले की तेच 58 लाख येतात.

फरक कोणत्या बाजूला पडतो

58 वजा 52, म्हणजे 6 लाख गुडविल. गिऱ्हाइके, नाव आणि तयार कामगार यांसाठी कंपनीने जास्तीचे मोजलेले हे पैसे आहेत. समजा समभाग 3,28,000 च दिले असते, तर मोबदला 41 अधिक 8, असा 49 लाख झाला असता. मग 52 लाखांची निव्वळ मालमत्ता 49 लाखांत मिळाली, आणि 3 लाख भांडवली राखीव खात्यात गेले असते. तो धंद्यातला नफा नव्हे, म्हणून नफा-तोटा खात्यात नेऊ नये. मात्र राखीव निघाला तर आनंदण्याआधी किमती पुन्हा तपासाव्यात. अनेकदा शेडची किंमत फुगवलेली असते किंवा एखादे देणे सुटलेले असते.

कंपनी स्थापनेचा खर्च गुडविलमध्ये घालायचा नाही. शेड नावावर करण्याचे मुद्रांक शुल्क कंपनीने भरले, तर ते शेडच्या किमतीत जाते.

कंपनीच्या पुस्तकातली नोंद

शेड 42, यंत्रे 15, माल 8.50, येणी पूर्ण 8 आणि गुडविल 6 नावे. बँक कर्ज 12, पुरवठादार 8, बोनस 1, बुडीत येण्यांची तरतूद 0.50 आणि विक्रेता 58 जमा. दोन्ही बाजू 79.50 लाख. येणी पूर्ण दाखवून तरतूद वेगळी ठेवली, म्हणजे वसुली कोणाकडून किती करायची ते पुस्तकात दिसत राहते. मग विक्रेता 58 नावे, आणि भागभांडवल 40, समभाग अधिमूल्य 10, बँक 8 जमा. हे 8 लाख देण्याइतके पैसे प्रवर्तकांच्या वर्गणीतून आधीच कंपनीच्या खात्यात आलेले हवेत.

सही करण्याआधी कर पाहा

असा धंदा कंपनीकडे गेला तर भांडवली नफ्यावरील करातून सूट मिळू शकते. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात ती कलम 47 च्या चौदाव्या खंडात होती. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, ते सीएकडून पाहून घ्यावेत. 1961 च्या कायद्यातल्या अटी अशा: धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे गेली पाहिजेत, मालकाला समभागांखेरीज कोणताही लाभ मिळता कामा नये, आणि त्याच्याकडे किमान 50 टक्के मताधिकार सलग पाच वर्षे राहिला पाहिजे.

आपल्या उदाहरणात रोख शिल्लक मागे राहिली, पत्नीचे कर्ज मागे राहिले आणि वर 8 लाख रोख. म्हणजे अटी मोडल्या. सूट हवी असेल तर मांडणी बदलावी लागेल. 3 लाख शिल्लक आणि 2 लाखांचे कर्ज दोन्ही कंपनीने घेतले तर निव्वळ मालमत्ता 53 लाख होते. 6 लाख गुडविल धरून मोबदला 59 लाख, तो पूर्ण समभागांत द्यायचा, म्हणजे 12.50 रुपयांनी 4,72,000 समभाग. गुडविल तेवढेच राहते, पण त्यावर कराच्या हिशेबात घसारा मिळेल ही आशा धरू नये. 2020-21 या आर्थिक वर्षापासून ती सोय बंद झाली आहे.