फीवाढीबद्दल मुख्याध्यापकांना पत्र लिहिताय? स्क्रीनशॉटवरून होणाऱ्या या चुका टाळा

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परिपत्रकाचा स्क्रीनशॉट येतो, त्यात नव्या फीचा तक्ता असतो आणि त्याच रात्री पत्र लिहायला घेतलं जातं. पत्र फसतं ते बहुधा इथेच. स्क्रीनशॉटमध्ये तक्ता दिसतो, पण वरचा जावक क्रमांक, तारीख आणि खालची सही-शिक्का कापला गेलेला असतो. "हे आमचं अंतिम परिपत्रक नाही" एवढं एक वाक्य शाळेने लिहिलं की तुमचा मुद्दा तिथेच अडकतो. म्हणून आधी शाळेच्या सूचना फलकावरचं किंवा ॲपवरचं मूळ परिपत्रक पाहा. ते मिळालं नाही, तर पत्राची सुरुवातच अशी करा: "सोबत जोडलेला स्क्रीनशॉट आम्हाला वर्गाच्या ग्रुपवर अमुक तारखेला मिळाला. तो शाळेच्या परिपत्रकाचाच आहे का, हे कळवावे आणि मूळ प्रत द्यावी." स्क्रीनशॉटची प्रिंट जोडाच, पण त्यातले आकडे पत्रातही लिहा. प्रिंटमध्ये 3 चा 8 दिसतो आणि वाद भलतीकडे जातो.

दुसरी चूक हिशोबाची, आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. स्क्रीनशॉटमधली एकूण रक्कम मागच्या वर्षीच्या एखाद्या हप्त्याशी ताडून "फी दुप्पट केली" असं लिहिलं जातं. रक्कम वार्षिक आहे, सत्राची की महिन्याची, हे तक्त्याच्या मथळ्यात असतं आणि कापताना तो मथळाच जातो. तुलना मागच्या वर्षाच्या सगळ्या पावत्यांशी आणि बाबवार करा.

समजा, सांगलीत विश्रामबागमधल्या एका शाळेतली सहावी. पावत्यांप्रमाणे मागच्या वर्षी शिक्षण शुल्क 24,000, सत्र शुल्क 2,000, संगणक 1,800, उपक्रम 1,200 आणि परीक्षा 1,000, म्हणजे एकूण 30,000 रुपये. स्क्रीनशॉटमध्ये शिक्षण शुल्क 27,000, संगणक 2,400, बाकी तीन बाबी तेवढ्याच आणि "डिजिटल वर्ग" ही नवी बाब 3,000 रुपयांची. एकूण 36,600. वाढ 6,600 रुपयांची, म्हणजे 22 टक्के. पण जुन्या बाबींतली वाढ 3,600 रुपये, म्हणजे 12 टक्केच आहे. उरलेले 10 टक्के नव्या बाबीचे. नुसतं "22 टक्के वाढ अन्यायकारक" लिहिलं की उत्तर येतं, "महागाई वाढली, शिक्षकांचे पगार वाढले." बाब वेगळी काढून विचारली की ते उत्तर पुरत नाही. संगणक शुल्क एक तृतीयांशाने का वाढलं? संगणक शुल्क घेत असताना डिजिटल वर्गासाठी वेगळी रक्कम कशासाठी? ती एकदाच घेणार की दरवर्षी?

तिसरी चूक म्हणजे मंजुरीबद्दल न विचारणं. खासगी शाळांना महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 लागू आहे. व्यवस्थापनाला फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते. या समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात, त्यामुळे पत्र त्यांच्याच नावे जाणं योग्य. पत्राचा गाभा एवढाच ठेवा:

"मा. मुख्याध्यापक, सविनय कळवितो की, सोबतच्या तक्त्याप्रमाणे इयत्ता सहावीच्या वार्षिक फीत 6,600 रुपयांची वाढ दिसते. कृपया कळवावे: 1) ही फी कार्यकारी समितीने कोणत्या तारखेच्या सभेत मंजूर केली? 2) मागील मंजुरी कोणत्या दोन वर्षांसाठी होती? 3) 'डिजिटल वर्ग' ही बाब त्या मंजुरीत आहे का? सभेच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी."

"लूट", "धंदा" हे शब्द ग्रुपवर कितीही चालले तरी पत्रात नकोत. उत्तर मग त्या शब्दांना येतं, प्रश्नांना नाही. पहिल्याच पत्राची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना लावणंही घाईचं. उत्तराला पंधरा दिवस द्या, तशी तारीख पत्रात घाला, आणि जिल्हा परिषदेचा रस्ता दुसऱ्या पत्रासाठी ठेवा.

पत्र वर्गशिक्षिकेच्या हातात देऊन येऊ नका. कार्यालयात दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्या. कारकुनाने पोच नाकारली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

सह्या पहिल्या पत्रापासूनच गोळा करा. 2018 च्या दुरुस्तीनंतर समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायला किमान 25 टक्के पालक लागतात. चाळीस मुलांच्या वर्गातले दहा पालक म्हणजे त्या वर्गाचे 25 टक्के. पण फीवाढ सगळ्या शाळेला लागू असेल तर इतर वर्गांच्या पालकांनाही विचारावं लागेल. प्रत्येक सहीपुढे पाल्याचं नाव, इयत्ता आणि तुकडी हवी, नाहीतर ती सही कोणाची हेच पुढे सिद्ध करता येत नाही.