या चुका टाळा: मोठी बॅटरी भरलेली असूनही इलेक्ट्रिक कार सुरू का होत नाही?

गणपतीसाठी बारा दिवस गावी गेलेले आमचे शेजारी परत आले, तेव्हा त्यांची इलेक्ट्रिक कार रिमोटने उघडेना. जाताना मोठ्या बॅटरीत 78 टक्के चार्ज होता, त्यामुळे त्यांना काहीच उलगडा होईना. त्यांनी रिमोटमधल्या धातूच्या किल्लीने दार उघडले, चार्जरची गन लावली आणि तासभर वाट पाहिली. तरीही चार्जिंग सुरू झाले नाही. शेवटी बॉनेट उघडून मी आतल्या छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीला मल्टिमीटर लावला. आकडा आला 8.1 व्होल्ट.

अशा वेळी चार्जर लावून बसणे ही वारंवार होणारी चूक आहे. गाडी उभी असताना तिची काही शे व्होल्टची मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठी उर्वरित गाडीपासून पूर्ण तोडलेली असते. हा जोड सांभाळणारे काँटॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे जाड खटके, वीज नसली की आपोआप उघडे राहतात आणि त्यांना मिटवणारी वीज छोट्या बॅटरीतून येते. गाडी सुरू करताना खालून जो ‘खट्’ आवाज येतो, तो याच खटक्यांचा. ते मिटल्यावर डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून वीज घेऊन छोटी बॅटरी भरू लागतो. पेट्रोल गाडीत हेच काम अल्टरनेटर करतो. छोटी बॅटरी संपली की चार्जरशी बोलणारा संगणकही जागा होत नाही, म्हणून गन लावून काहीच घडत नाही.

मग मोठ्या बॅटरीतूनच थेट 12 व्होल्ट का घेत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. मोठ्या बॅटरीचे एकही टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले नसते, तर 12 व्होल्टच्या बाजूचे ऋण टोक पत्र्यालाच जोडलेले असते. हे दोन्ही एकमेकांपासून अलग ठेवल्यामुळेच गाडीच्या पत्र्याला हात लावणे सुरक्षित राहते. शिवाय अपघातात मोठी बॅटरी तोडली गेल्यावरही दारांची कुलुपे आणि धोक्याचे दिवे चालले पाहिजेत, आणि ती वीज छोटीच बॅटरी देते.

शेजाऱ्यांच्या गाडीत खरा दोष होता पार्किंगमध्येही चालू राहणाऱ्या डॅशकॅमचा. तो सतत सुमारे 0.25 अँपिअर घेत होता, म्हणजे दिवसाला 6 अँपिअर-तास. गाडीच्या स्वतःच्या झोपेतल्या खर्चासह हा आकडा पावणेसातच्या आसपास जातो. बॅटरी 35 अँपिअर-तासांची होती, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशीच ती रिकामी झाली असणार. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून जाग्या होऊन छोटी बॅटरी भरून घेतात, पण ही सोय प्रत्येक गाडीत नसते. म्हणून डॅशकॅम बसवताना कमी व्होल्टेजला तो बंद होण्याची मर्यादा 12.2 किंवा त्याहून वर ठेवावी आणि लांब जाताना त्याची जोडणी काढूनच ठेवावी. गाडी धुताना किंवा गाणी ऐकताना पडदा चालू असला तरी READY दिसत नसेल, तर बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टर बंदच असतो, हेही लक्षात असू द्यावे.

आम्ही माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागी जंप पॅक लावला, लाल तार धन टोकाला आणि काळी पत्र्याच्या ठरवून दिलेल्या बिंदूला. नारिंगी तारांना मात्र कधीही हात लावू नये. खट् आवाज आला, READY उजळले, आणि गाडी दोन तास तशीच ठेवली. या अवस्थेत छोट्या बॅटरीवर साधारण 13 ते 14.7 व्होल्ट दिसायला हवेत. ते 12 च्या घरातच राहून घसरत असतील, तर बॅटरी बदलून उपयोग नाही, दोष कन्व्हर्टरकडे शोधावा; 2024 मध्ये ह्युंदाईने भारतातील आयोनिक 5 गाड्या अशाच दोषासाठी परत मागवल्या होत्या. इलेक्ट्रिक गाडीने दुसऱ्याची बंद पडलेली पेट्रोल गाडी जंप करून देणेही टाळावे, कारण स्टार्टर एका दमात काही शे अँपिअर ओढतो आणि कन्व्हर्टर त्यासाठी बनवलेला नसतो.

शिशाची बॅटरी आठवडाभर रिकामी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि क्षमता कायमची घटते. त्यामुळे एकदा जंप करून काम भागले म्हणून स्वस्थ बसू नये. रात्रभर विसावलेल्या चांगल्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास व्होल्ट दिसतात, 12.2 म्हणजे ती निम्मी उरली. शेजाऱ्यांच्या बॅटरीने दुसऱ्या सकाळी 11.9 दाखवले, तेव्हा ती बदलावीच लागली. नवी घेताना त्यांनी जुन्याच प्रकारची आणि तेवढ्याच अँपिअर-तासांची घेतली.