दुकानाचा हिशोब दोन बाजूंनी लिहायचा कसा, आणि नावे-जमा सारखं का येतं

पंचवटीतलं एक छोटं किराणा दुकान धरू. सकाळी गल्ल्यात ५,००० रुपये रोख आणि फळीवर ४०,००० चा माल, म्हणजे मालकाचं भांडवल ४५,०००. वही उघडतानाच हे दोन्हीकडे लिहायचं, रोकड ५,००० नावे, माल ४०,००० नावे आणि समोर भांडवल ४५,००० जमा. भांडवल जमा का, तर वही दुकानाची आहे, मालकाची नाही, आणि दुकान मालकाचं तेवढं देणं लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

आता नियम एकच, प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत, सारख्याच रकमेने, एकात नावे आणि दुसऱ्यात जमा. दुकानात जे आलं किंवा ज्याने आपल्याकडून घेतलं ते नावे, जे गेलं किंवा ज्याने दिलं ते जमा, खर्च नावे आणि विक्री जमा. बँकेचा मेसेज येतो ‘तुमच्या खात्यात जमा’ तेव्हा लोक गोंधळतात, पण ती बँकेची वही आहे, तिच्या लेखी ती आपलं देणं लागते म्हणून जमा. आपल्या वहीत तेच पैसे बँक खात्याला नावे पडतात.

दिवस सुरू झाला. रविवार कारंज्यावरच्या होलसेलवाल्याकडून १२,००० ची साखर-पोहे उधारीवर आले, तर खरेदी १२,००० नावे, होलसेलवाला १२,००० जमा. टेम्पो आणि हमालीचे ३०० रोख दिले, म्हणजे हमाली ३०० नावे, रोकड ३०० जमा. दिवसभरात रोख विक्री ६,५०० ची झाली, रोकड नावे, विक्री जमा. यूपीआयवर २,२०० आले, ते बँक नावे आणि विक्री जमा, गल्ल्याशी त्यांचा संबंध नाही. शेजारच्या मेसवाल्याने १,८०० चा माल उधार नेला, पैसा एकही आला नाही तरी विक्री झालीच, म्हणून मेसवाला १,८०० नावे, विक्री १,८०० जमा. संध्याकाळी होलसेलवाल्याचा माणूस आला, त्याला ४,००० रोख दिले, होलसेलवाला नावे, रोकड जमा. (जीएसटीचं खातं इथे मुद्दाम बाजूला ठेवलंय, नाहीतर मूळ गोष्टच हरवते.)

हे सगळं आधी कीर्दीत तारखेने लिहायचं, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचं, आणि शेवटी प्रत्येक खात्याची बाकी काढून तेरीज मांडायची. रोकड खात्यात ५,००० आणि ६,५०० आले, ४,००० आणि ३०० गेले, बाकी ७,२००. होलसेलवाल्याचे अजून ८,००० द्यायचेत.

नावे बाजू: माल ४०,०००, रोकड ७,२००, बँक २,२००, मेसवाला १,८००, खरेदी १२,०००, हमाली ३००. बेरीज ६३,५००.

जमा बाजू: भांडवल ४५,०००, होलसेलवाला ८,०००, विक्री १०,५००. बेरीज ६३,५००.

यात जादू काही नाही, प्रत्येक वेळी दोन्हीकडे तेवढीच रक्कम टाकली म्हटल्यावर बेरीज वेगळी येणार कुठून. आणि विक्री १०,५०० वजा खरेदी १२,००० म्हणजे तोटा झाला असं कुणी घाईने म्हणेल तर ते चूक, कारण फळीवर माल किती उरला ते मोजल्याशिवाय नफा-तोटा कळतच नाही.

बेरीज जुळली नाही तर आधी फरक काढा. समजा मेसवाल्याचे १,८०० खात्यावर नेताना ८,१०० लिहिले, तर फरक ६,३०० येतो आणि त्याला ९ ने पूर्ण भाग जातो. असा भाग गेला की आकडे उलटसुलट झालेत का ते बघायचं. तेच १,८०० नावेऐवजी जमा बाजूला पडले तर फरक दुप्पट, ३,६०० येतो, म्हणून फरकाचं अर्धं करून तेवढी रक्कम कीर्दीत शोधायची. दोन्ही फक्त खुणा आहेत हां, फरक ९ च्या पटीत दुसऱ्या कारणानेही येऊ शकतो.

खरा त्रास जुळलेल्या तेरजेचा असतो. यूपीआयचे २,२०० चुकून रोकडीला नावे टाकले तरी दोन्ही बाजू ६३,५०० च राहतात, फक्त वहीत रोकड ९,४०० दिसते आणि गल्ल्यात ७,२०० सापडतात, मग बिचाऱ्या पोरावर संशय. एखादी उधारी लिहायचीच राहिली तरी दोन्ही बाजू तितक्याच कमी होतात आणि तेरीज गपचूप जुळते. म्हणून रोज रात्री शटर ओढायच्या आधी गल्ला मोजून रोकड खात्याशी लावायचा, यूपीआयची नोंद बँकेच्या स्टेटमेंटशी, आणि होलसेलवाल्याकडून महिन्याला खातेउतारा मागून त्याच्या वहीत आपले जेवढे नावे दिसतात तेवढेच आपल्या वहीत त्याचे जमा आहेत का ते बघायचं.