ग्राहकाचा फोटो आपल्या पेजवर टाकताना या चुका टाळा

समुद्रपूर तालुक्यात आमचा महिलांचा गट हळद दळून पाकिटात विकतो आणि गटाचे पेज मी सांभाळते. दोन उन्हाळ्यांपूर्वी शेजारच्या गावातील एका ग्राहक ताईंनी इन्स्टाग्रामवर एक सुंदर फोटो टाकून आम्हाला टॅग केले होते. अंगणात कैरीच्या फोडींना हळद लावणाऱ्या त्यांच्या सासूबाई आणि बाजूला आमचे पाकीट, असा तो फोटो होता. मी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, चौकोनी कापला आणि ताईंना व्हॉट्सॲपवर "टाकू का?" एवढेच विचारले. त्यांचा होकार आला. महिनाभराने तोच फोटो आम्ही आठवडी बाजारातील फ्लेक्सवर छापला, तेव्हा ताईंचा फोन आला: "पेजवर टाकाले हो म्हटलं होतं जी, बाजारातल्या फ्लेक्सवर लावाले नाही!" त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

पहिली चूक म्हणजे टॅगला परवानगी समजणे. टॅग करणारा ग्राहक आपल्या मित्रपरिवाराला काहीतरी दाखवत असतो. दुकानाच्या प्रचारासाठी तो फोटो द्यायला तयार आहे, असे त्याने कुठेही म्हटलेले नसते. स्टोरीत आपला उल्लेख झाला की ॲप स्वतःच ती पुढे टाकण्याचा पर्याय देते आणि ती २४ तासांत निघूनही जाते, त्यामुळे तेवढ्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही. पण फोटो उतरवून आपल्या पेजवर कायमचा ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी विचारलेच पाहिजे.

दुसरी चूक अधिक खोल आहे, कारण ती आपल्या लक्षातच येत नाही: आपण चुकीच्या माणसाला विचारतो. आमच्या त्या फोटोत तीन माणसे गुंतलेली होती. टाकला ताईंनी, काढला त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने, आणि दिसत होत्या सासूबाई. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेला नसेल, तर फोटोचा पहिला मालक साधारणपणे तो काढणारा असतो. म्हणजे आमच्या फोटोचा हक्क पुतण्याचा होता, आणि चेहरा ज्यांचा, त्या सासूबाईंना तर कोणीच विचारले नव्हते. फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवरून आला असेल तर गुंता वाढतो, कारण पुढे ढकलणाऱ्याकडे मूळ फोटो असतोच असे नाही. अशा वेळी "हा फोटो तुम्ही स्वतः काढला का?" हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, मूळ माणूस सापडत नसेल तर तो फोटो सोडून द्यावा. फोटोत लहान मूल असेल तर आईवडिलांचा स्पष्ट होकार घ्यावा.

"टाकू का?" या दोन शब्दांत कुठे, कशासाठी आणि किती दिवस, यांपैकी काहीच येत नाही. आता मी असा निरोप पाठवते: "ताई, लोणच्याचा हा फोटो आम्हाला इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेजवर टाकायचा आहे. तो कोणी काढला, फोटोतल्या आजींची हरकत नाही ना, आणि नाव कसे लिहायचे, ते कळवाल का? पैसे भरून केलेल्या जाहिरातीसाठी किंवा छपाईसाठी हवा असल्यास वेगळे विचारू. काढा म्हणाल त्या दिवशी काढू." उत्तर आले की त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवते, कारण पाठवलेला निरोप नंतर पुसता येतो.

श्रेय देतानाची माझी चूक कापण्यात झाली होती. पुतण्याने फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव लिहिले होते आणि चौकोनी कापताना नेमके तेच गेले. त्याच कायद्याच्या कलम ५७ नुसार कलाकृतीवर आपले नाव असण्याचा कर्त्याचा हक्क त्याने मालकी विकल्यानंतरही राहतो. म्हणून मजकुराच्या पहिल्या ओळीतच "फोटो:" असे लिहून त्याने सांगितलेले नाव द्यावे आणि खाते असल्यास फोटोवरही टॅग करावे. शेवटी हॅशटॅगच्या गर्दीत टाकलेले नाव "अधिक" दाबल्याशिवाय दिसतच नाही. मात्र नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही. काहींना नाव नकोच असते, तेही विचारूनच कळते.

शब्दांनाही हेच लागू आहे. ग्राहकाने वऱ्हाडीत लिहिलेला अभिप्राय प्रमाण मराठीत "सुधारून" त्याच्या नावावर खपवू नये. लांब अभिप्रायातील एकच वाक्य घ्यायचे असेल तर ते आधी त्याला दाखवावे. "या हळदीने गुडघेदुखी गेली" असे कोणी मनापासून लिहिले तरी पेजवर टाकताच तो आपला दावा ठरतो, म्हणून तो टाकू नये.

तक्रार आलीच तर वाद न घालता आधी फोटो काढावा. येथे एक जागा हमखास राहून जाते: जाहिरात स्वतंत्रपणे फोटो चढवून केली असेल, तर पेजवरील पोस्ट काढल्यावरही ती चालूच राहते, म्हणून ती ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन बंद करावी लागते. त्यानंतर हायलाइट्स, व्हॉट्सॲप स्टेटस आणि कॅटलॉग पाहावेत, आणि ज्या दुकानदारांना तो फोटो पाठवला असेल त्यांना फोन करावा. आम्ही त्याच संध्याकाळी फ्लेक्स उतरवला, ताईंच्या घरी जाऊन सासूबाईंची आणि पुतण्याची क्षमा मागितली. पुतण्याने पेजवर तो फोटो ठेवू दिला, पण न कापलेला; त्याने मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला आणि आता कोपऱ्यातील त्याच्या नावासह तोच पेजवर आहे.