रात्री कोणती पोझिशन ठेवायची, कोणती काढायची? गॅपच्या या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळकडे दुकान किंवा नोकरी सांभाळून निफ्टीचे ऑप्शन विकणारे आता गल्लोगल्ली भेटतात. दिवसभर त्यांचं लक्ष असतं, नियमही पाळतात. पैसा जातो तो मात्र दुपारी साडेतीन ते सकाळी सव्वानऊ या वेळात, जेव्हा काहीच करता येत नाही आणि सकाळी बाजार कालच्या बंद भावापासून लांब, म्हणजे गॅपने, उघडू शकतो. त्यातही सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे विकलेला ऑप्शन जवळजवळ शून्यावर आलेला असतो आणि "भाऊ, आता उद्या आपोआप संपेल" म्हणून तो तसाच ठेवला जातो.

सोमवारची दुपार घ्या. मंगळवारी एक्स्पायरी आहे, निफ्टी 24,500 वर आहे. तुम्ही 24,200 चा पुट आणि 24,800 चा कॉल विकलेला आहे. पुट आता 12 रुपयांवर, कॉल 8 वर. लॉट अधूनमधून बदलतो, हिशेबापुरता 75 चा धरू. म्हणजे रात्रभर थांबून जास्तीत जास्त मिळणार ते 20 गुणिले 75, म्हणजे 1,500 रुपये.

आता उलटी बाजू. सकाळी निफ्टी 400 अंक खाली उघडला तर हा पुट किती रुपयांना होईल? त्यासाठी कॅल्क्युलेटर लागत नाही. ऑप्शन चेनमध्ये त्याच एक्स्पायरीचा, तुमच्या स्ट्राइकपेक्षा 400 ने वरचा पुट बघा. बाजार 400 ने खाली आला की तुमचा 24,200 चा पुट साधारण तिथे असेल, जिथे आज 24,600 चा आहे. तो समजा 140 ला चाललाय. म्हणजे पुटवर 128 रुपयांचा फटका, लॉटमागे 9,600. कॉलचे 600 सुटतील. निव्वळ 9,000 चा तोटा, 1,500 मिळवण्यासाठी. शिवाय गॅपच्या सकाळी व्हीआयएक्स, म्हणजे अस्थिरतेचा निर्देशांक, उसळतो, त्यामुळे खरा भाव 140 पेक्षा वरही असू शकतो. कॉलसाठी हेच उलट दिशेने करायचं: 400 ने खालच्या स्ट्राइकचा कॉल बघायचा.

दुपारी तीनला प्रत्येक विकलेल्या पायासाठी, म्हणजे विकलेल्या एकेका ऑप्शनसाठी, हा एकच आकडा काढा आणि उरलेल्या प्रीमियमशी ताडून बघा. इथे 12 रुपयांसाठी 128 ची जोखीम आहे. अशी पोझिशन 3:20 च्या आत काढून टाकावी, माझं मत यात पक्कं आहे.

आता महिन्याच्या एक्स्पायरीचा, 25 दिवस बाकी असलेला 23,800 चा पुट घ्या. तो 100 ला आहे आणि 24,200 चा 210 ला. 400 च्या गॅपने इथेही 110 रुपये जातील, रुपयांत फटका जवळपास तेवढाच. पण त्या बदल्यात अजून 100 रुपये मिळायचे आहेत, आणि सावरायला दिवसही आहेत. रात्र काढायची तर अशा पोझिशनने काढावी, तीही खाली आणखी एक पुट विकत घेऊन. एक्स्पायरी जवळ आली की गॅमा खूप वाढतो, म्हणजे बाजार हलला की डेल्टा झपाट्याने बदलतो, म्हणून स्क्रीनवर डेल्टा शून्य दिसला तरी तो तटस्थपणा 40-50 अंकांपुरताच असतो. 400 अंकांच्या उडीला त्याचा उपयोग नाही.

"एसएल लावलाय ना!"

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. एसएल ऑर्डर त्या दिवसापुरती असते, बाजार बंद झाला की ती रद्द होते. सकाळी पुन्हा लावली तरी प्रश्न सुटत नाही. ऑप्शनमध्ये एसएल-मार्केट ऑर्डर एनएसईने 2021 मध्येच बंद केली, त्यामुळे तुमची ऑर्डर एसएल-लिमिट असते. समजा ट्रिगर 24 आणि लिमिट 28 ठेवलं. पुट थेट 140 ला उघडला. ट्रिगर लागतो, 28 ला खरेदीची ऑर्डर बाजारात जाते आणि तिथेच पडून राहते, कारण 28 ला विकायला कुणीच नाही. ऑर्डर बुकमध्ये 'ओपन' किंवा 'पेंडिंग' दिसत असेल आणि भाव लिमिटच्या कितीतरी वर असेल, तर हेच झालंय असं समजा. तेव्हा लिमिट सुधारून घ्यावी लागते, वाट बघत बसू नये.

रात्रीचं खरं संरक्षण म्हणजे विकत घेतलेला पाय. वरच्याच उदाहरणात 24,000 चा पुट 4 रुपयांना, म्हणजे 300 रुपयांत मिळतो. 400 च्या गॅपमध्ये तो फार मदत करत नाही, हे खरं. त्याचा उपयोग मोठ्या गॅपला. 4 एप्रिल 2025 च्या शुक्रवारी निफ्टी 22,904 वर बंद झाला होता. शनिवार-रविवारी अमेरिकेच्या आयातशुल्काची भीती जगभर पसरली आणि 7 एप्रिलला तो 21,758 वर उघडला, 1,100 पेक्षा जास्त अंक खाली. 1,100 अंकांची गॅप आपल्या उदाहरणात आणली तर उघड्या पुटवर लॉटमागे सुमारे 59,000 जातात. 24,000 चा पुट हातात असेल तर 14,400 च्या पुढे काहीच जात नाही, बाजार कितीही खाली गेला तरी.

म्हणूनच ही चूक टाळा: 4 रुपयांचा पुट "आता काय कामाचा" म्हणून तीन वाजता विकून टाकणं आणि विकलेला पाय तसाच ठेवणं. काढायचं असेल तर आधी विकलेला पाय परत घ्या, मग विकत घेतलेला विका. पोझिशन उभी करताना आधी विकत घ्या, मग विका.

शेअर गहाण ठेवून विकताना

अमळनेरमध्ये विप्रोचे शेअर पिढ्यानपिढ्या जपलेली घरं आहेत, कंपनी तिथेच 1945 साली सुरू झाली. असे शेअर प्लेज करून त्या मार्जिनवर निफ्टीचे पुट विकणारेही आहेत. यातली अडचण रात्री उघडी पडते. बाजार गॅपने खाली आला की पुट तोट्यात जातो, आणि त्याच सकाळी गहाण शेअरही उतरतात. मार्जिन कमी होतं, गरज मात्र वाढते, कारण अस्थिरता वाढली की एक्सचेंज विकलेल्या ऑप्शनवर जास्त मार्जिन मागतं. त्यात रात्रीच्या पोझिशनसाठी निम्मं मार्जिन रोख किंवा रोखीसमान लागतं. रोख कमी पडली की ब्रोकर वाईट भावात पोझिशन काढू शकतो. अशा खात्यात उघडा विकलेला पुट रात्री ठेवूच नये, स्प्रेडच, म्हणजे खालचा पुट विकत घेतलेली जोडी, ठेवावा. विप्रोचा निकाल असेल त्या रात्री तर आणखी जपून. निकाल बाजार बंद झाल्यावर येतो आणि न्यूयॉर्कमध्ये विप्रोचा एडीआर, म्हणजे तिथल्या बाजारातलं शेअरचं रूप, आपण झोपलेलो असताना चालतो.

ऑप्शन विकत घेणाऱ्यांची चूक वेगळी

त्यांचा तोटा प्रीमियमपुरता असतो, म्हणून घेतलेला ऑप्शन ठेवायला हरकत नाही असं वाटतं. पण निकाल किंवा बजेटच्या आधी घेतलेल्या ऑप्शनमध्ये अस्थिरता आधीच भरलेली असते. बातमी आली की ती निघून जाते आणि दिशा बरोबर असूनही भाव पडू शकतो. उद्याच्या मोठ्या घटनेआधी घेतलेला ऑप्शन नफ्यात असेल तर निम्मा तरी तीनला विकावा.

गिफ्ट निफ्टी, म्हणजे गिफ्ट सिटीत चालणारा निफ्टीचा फ्युचर, पहाटे पावणेतीनपर्यंत चालतो, तो बघत जागण्यात अर्थ नाही, तेव्हा आपला बाजार बंदच असतो. सकाळी साडेसहाला तो पुन्हा सुरू होतो, तेव्हा एकदा बघा आणि गॅप दिसली तर कोणत्या भावात बाहेर पडायचं ते कागदावर लिहून ठेवा. सव्वानऊच्या पहिल्या काही मिनिटांत खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर फार असतं, लांबच्या स्ट्राइकला तर जास्तच. त्या वेळी मार्केट ऑर्डर टाकू नका. लिमिट ऑर्डर लावा, मिळाली नाही तर दोन-पाच रुपयांनी पुढे सरकवा.