प्रीमियम भागभांडवलात मिसळू नका

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घ्या. दर्शनी किंमत १० रुपये असलेले १ लाख शेअर आधीचे, म्हणजे भागभांडवल १० लाख. आता पाहुण्यांपैकी कुणी ५० रुपये भावाने २० हजार नवे शेअर घेतले. बँकेत १० लाख आले, आणि बऱ्याचदा अकाउंटंट ते सगळेच भागभांडवलात टाकून मोकळा होतो.

तिथं जायला हवेत फक्त २ लाख. उरलेले ८ लाख सिक्युरिटीज प्रीमियम, आणि ताळेबंदात ते ‘राखीव निधी व अधिशेष’ या शीर्षकाखाली येतात. पडताळा सोपा आहे: १ लाख २० हजार शेअर गुणिले १० म्हणजे १२ लाख. भागभांडवलात २० लाख दिसले, तर घोळ झालाच म्हणून समजा.

समजा साठलेला नफा ६ लाख आहे. मग राखीव निधी १४ लाख दिसेल आणि संचालकांना लाभांशाची घाई सुटेल. पण कंपनी कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे प्रीमियममधून लाभांश देता येत नाही. पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर मात्र देता येतात. म्हणून एकूण आकडा सोडा, त्याखालची टीप उघडून नफ्याची शिल्लक तेवढी बघा.