‘मॅडम, कॅन्सर हाये का नाई?’ : बायोप्सीचा रिपोर्ट समजावून सांगताना

पॅथॉलॉजीत एमडी करताना आपल्याला स्लाइड वाचायला शिकवतात. तोच रिपोर्ट हातात घेऊन समोर उभ्या असलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे फारसं कोणी शिकवत नाही. नागपुरात धंतोलीत लॅब चालवायची तर हा प्रसंग नेहमीचाच. रिपोर्ट आज मिळतो, सर्जनची वेळ परवाची असते, आणि मधल्या वेळात घरातला मुलगा रिपोर्टातला एकेक शब्द मोबाइलवर टाकून बघतो. मग सगळं कुटुंब काउंटरवर येऊन उभं राहतं. ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा’ म्हणून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही. उपचार सर्जन ठरवतील, पण स्लाइडमध्ये काय दिसलं हे ज्याने पाहिलं त्याने सांगावं.

नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यापुरतंच लिहीन, कारण आपल्या विदर्भात खर्ऱ्यामुळे हे नमुने सतत येतात. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घासून केलेला हा खर्रा माणूस तासन्‌तास गालात धरून ठेवतो, आणि चट्टा बहुधा त्याच जागी येतो.

एका कुटुंबाची गोष्ट सांगते, कारण बिनाइन, डिस्प्लेझिया आणि कार्सिनोमा इन सिटू हे तिन्ही शब्द त्यांच्या वाट्याला एकामागून एक आले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काटोलकडचे शेतकरी, वय पंचेचाळिशीचं, डाव्या गालाच्या आतल्या बाजूला दाढांसमोर पांढरा चट्टा. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे एक छोटी बायोप्सी झालेली होती. त्या रिपोर्टात हायपरकेरॅटोसिस, तपासलेल्या सेक्शनमध्ये डिस्प्लेझिया नाही, आणि खाली ‘बिनाइन’ असं लिहिलेलं होतं. कोणीतरी त्यांना सांगितलं, ‘काही नाही, साधं आहे.’ घरी पेढे वाटले आणि खर्रा चालू राहिला.

रिपोर्ट बरोबर होता, सांगणं अर्धवट होतं. तोंडाच्या आवरणावर केरॅटिनचा थर जाड झालाय, म्हणून चट्टा पांढरा दिसतो. खालच्या पेशींची रचना मात्र नीट आहे. बिनाइनचा अर्थ इतकाच, आणि तोही तपासलेल्या तुकड्यापुरता. रुग्णाला दोन वाक्यं सांगावी लागतात: ‘हा जो तुकडा काढला त्यात कॅन्सर नाही, कॅन्सरकडे नेणारे बदलही नाहीत. पण ज्या कारणाने चट्टा आला ते कारण चालूच आहे, म्हणून खर्रा बंद आणि चट्टा पुन्हा दाखवायचा.’ दुसरं वाक्य राहिलं की पहिलं वाक्य परवानगीसारखं ऐकलं जातं.

दोन वर्षांत चट्टा साधारण 3 सेंमी बाय 2 सेंमी झाला, मध्ये थोडी लाली आली. या वेळी बायोप्सी माझ्याकडे आली. 4 मिमीचा पंच, लाल-पांढऱ्या भागातून घेतलेला. रिपोर्ट होता मॉडरेट डिस्प्लेझिया, तपासलेल्या सेक्शनमध्ये इन्व्हेजन नाही.

असा रिपोर्ट सही करण्याआधी मी तीन गोष्टी पाहते, कारण पुढे रुग्णाशी बोलताना त्यांचाच आधार लागतो. एक, आवरणाखालचा संयोजी ऊतीचा थर तुकड्यात आला आहे का. नुसती वरची साल आली असेल, तर इन्व्हेजन आहे की नाही हे सांगताच येत नाही आणि तसं रिपोर्टात लिहिलंच पाहिजे. दुसरी गोष्ट, तुकडा तिरका तर कापला गेला नाही ना. तिरक्या सेक्शनमध्ये आवरणाची खाली गेलेली बोटं कापली जाऊन खालच्या थरात पेशींची सुटी बेटं दिसतात आणि इन्व्हेजनचा भास होतो. ब्लॉक पुन्हा नीट बसवून आणखी खोल सेक्शन घेतले की खरं काय ते बहुतेक वेळा कळतं. तिसरी म्हणजे कॅन्डिडा बुरशी किंवा जोराचा दाह. त्यानेही पेशींची केंद्रकं मोठी आणि गडद दिसू लागतात. पीएएस स्टेनमध्ये बुरशीचे धागे दिसले तर मी सर्जनला फोन करून सांगते: आधी बुरशीवर उपचार करा, मग शंका उरली तर पुन्हा तुकडा घ्या. तो फोन एरवीही करतेच. रुग्णाने माझ्याकडून एक आणि सर्जनकडून दुसरं ऐकलं, तर तो कोणावरच विश्वास ठेवत नाही.

काउंटरवर ते, वहिनी आणि बारावीतला मुलगा असे तिघं होते. मी त्यांना आत घेऊन बसवलं. उभ्या माणसाच्या कानात अशा वेळी काही शिरत नाही.

‘मॅडम, मले सरळ सांगा. कॅन्सर हाये का नाई?’

या प्रश्नाचं उत्तर पहिल्या वाक्यात द्यायचं. पेशी म्हणजे काय इथून सुरुवात केली, तर माणूस वाईट बातमीची वाट बघत बसतो आणि मधलं काहीच ऐकत नाही. मी म्हटलं, ‘भाऊ, या तुकड्यात कॅन्सर नाही. पण पेशी बिघडायला लागल्या आहेत, म्हणून हा चट्टा आता असाच ठेवता येणार नाही.’ मग थांबले. वहिनींनी पदराने डोळे पुसले, मुलाने मोबाइल उलटा ठेवला. त्यानंतर कागद घेतला.

कागदावर एक आडवी रेघ, तिच्यावर पेशींच्या सात-आठ रांगा. निरोगी आवरणात नव्या पेशी तळाच्या रांगेजवळ तयार होतात आणि वर सरकत चपट्या होत जातात. डिस्प्लेझियात तळाच्या पेशींची केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी होतात आणि रांगा मोडतात. हा बिघाड खालच्या तिसऱ्या हिश्शापुरता असेल तर माइल्ड, मधल्या हिश्शापर्यंत चढला तर मॉडरेट, त्याच्याही वर गेला तर सिव्हिअर. त्यांच्या चित्रात मी पेन्सिलने निम्म्यापर्यंत काळं केलं.

मग तळाच्या रेघेवर बोट ठेवलं. ही बेसमेंट मेम्ब्रेन. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या तिच्या खाली असतात, वरच्या आवरणात एकही नसते. समोर शेतकरी होते, म्हणून मी म्हटलं, ‘हा तुमच्या वावराचा धुरा समजा. तण वाढलंय, पण धुऱ्याच्या आत आहे. पाण्याचा पाट धुऱ्याच्या पलीकडे आहे. तण पाटात पडलं तर ते कुठंही वाहत जाईल. अजून पडलेलं नाही.’ त्यांनी चित्राकडे बघत विचारलं, ‘म्हणजे धुरा फुटला का तेच पाह्यचं?’ हो, मी स्लाइडमध्ये सगळ्यात जास्त वेळ तेच पाहते.

मुलाचा प्रश्न वेगळा होता: ‘याचा कॅन्सर होणारच का?’ त्याने मोबाइलवर ‘प्री-कॅन्सर’ वाचलं होतं. तो शब्द मी शक्यतो वापरत नाही, कारण ऐकणाऱ्याला तो तारीख ठरल्यासारखा वाटतो. होईलच असं नाही. काही चट्टे वर्षानुवर्षं तसेच राहतात, काही सवय सुटल्यावर कमी होतात, काही पुढे जातात. ग्रेड जितकी वरची तितका धोका जास्त. टक्केवारी मी सांगत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकमेकांपासून फार लांब आहेत, आणि समोरच्या माणसाचं त्यातून काही ठरत नाही.

याच बैठकीत एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची, ती म्हणजे नमुन्याची मर्यादा. मी कागदावर चट्ट्याचा अंडाकृती आकार काढला आणि त्यात पंचचा छोटा गोल. 3 बाय 2 सेंमीच्या चट्ट्यात 4 मिमीचा पंच म्हणजे जेमतेम पस्तीस-चाळिसावा भाग. त्या तुकड्याचे 4 मायक्रॉनचे काप करत गेलं तर हजार होतील, आणि स्लाइडवर त्यातले थोडेच येतात. म्हणून सर्जन पूर्ण चट्टा काढा म्हणाले, तर ‘कॅन्सर लपवताहेत’ असा अर्थ काढायचा नाही. पूर्ण चट्ट्यात याहून पुढचं काही निघू शकतं.

तसंच निघालं. काढलेला चट्टा पूर्णच्या पूर्ण ब्लॉकमध्ये घेतला. ‘इन्व्हेजन नाही’ असं म्हणायचं तर एकही भाग न पाहता सोडून चालत नाही. एका ठिकाणी बिघाड आवरणाच्या पूर्ण जाडीत पोचला होता, तळाची रेघ सगळीकडे शाबूत होती आणि सगळ्यात जवळची कड 6 मिमी दूर, स्वच्छ. रिपोर्ट: कार्सिनोमा इन सिटू, इन्व्हेजन नाही, मार्जिन मोकळे. तोंडाच्या बाबतीत 2017 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात सिव्हिअर डिस्प्लेझिया आणि कार्सिनोमा इन सिटू एकच धरले आहेत. मी दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहिते, म्हणजे दुसरीकडे एकच शब्द वापरला गेला तरी रुग्ण गोंधळत नाही.

वहिनी चिडून म्हणाल्या, ‘मागच्या वेळी कॅन्सर नाई म्हणाल्या होत्या तुम्ही.’ मी जुना कागद मागितला. त्यांनी तो जपून आणला होता. छोटा गोल दाखवला, मग त्याच्या शेजारी जिथे हे सापडलं ती जागा. पुढे समजवावं लागलं नाही.

इथे दोन्ही बाजूंना घसरण आहे. ‘कॅन्सर नाहीच’ म्हटलं तर कागदावरचा कार्सिनोमा शब्द आपल्याला खोटं ठरवतो. ‘पहिल्या स्टेजचा कॅन्सर’ म्हटलं तर तेही चूक, कारण पहिली स्टेज इन्व्हेजन झाल्यावर सुरू होते, आणि ही शून्य. मी म्हटलं, ‘भाऊ, पेशी कॅन्सरच्या पेशींसारख्या झाल्या होत्या, पण सगळ्या धुऱ्याच्या आत होत्या. गळ्याच्या गाठीत किंवा फुप्फुसात जायचा रस्ता त्यांना मिळालेला नव्हता. तो सगळा भाग निघाला आहे, कडा मोकळ्या आहेत. एवढ्यासाठी केमो किंवा शेक सहसा देत नाहीत. पुढचं तुमचे सर्जन सांगतील.’ आणि त्यांनाच त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावलं. ते म्हणाले, ‘तण मुळासकट काढलं, धुरा शाबूत. पण बी वावरात हाये.’ शेवटचं मी सांगितलं नव्हतं, पण ते बरोबर होतं. इतकी वर्षं खर्रा सगळ्या तोंडाला लागलेला असतो, नवा चट्टा दुसरीकडेही येऊ शकतो.

दुसरं मत हवं असेल तर ब्लॉक आणि स्लाइड न कुरकुरता द्याव्यात. त्याचबरोबर हेही आधी सांगावं, की डिस्प्लेझियाच्या ग्रेडमध्ये दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचं एका पायरीने वेगळं मत पडणं नवीन नाही. माइल्ड आणि मॉडरेट यांच्या सीमेवर ते जास्त होतं. अशा वेळी आम्ही दोघं बोलतो, पुन्हा सेक्शन पाहतो. रुग्णाला हे माहीत नसलं, तर त्याला वाटतं एकाने फसवलं.

जाताना मी मुलाच्या हातात एक चिठ्ठी दिली, कारण घरात वाचणारा तोच होता. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, चट्ट्याची कड किंवा तळ कडक लागणं, आपोआप रक्त, गळ्यात गाठ, तोंड आधीपेक्षा कमी उघडणं: यातलं काहीही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता यायचं. आणि दर वेळी तिन्ही जुने रिपोर्ट सोबत आणायचे.